शिवजयंती दोनदा का येते?

शेतातून आलेल्या, कंपनीतली पाळी संपवून आलेल्या आणि चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमच्या गटाकडून राम राम.

आज एका भांडणापासून सुरुवात करतो. चाकण भागातल्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत मागं एकदा वर्गणीवरून वाद झाला. फेब्रुवारीत शिवजयंतीची वर्गणी देऊन झाली होती. मार्चमध्ये दुसऱ्या मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली. एक ताई म्हणाल्या, "जयंती होऊन गेली, आता परत कशाला?" दुसऱ्या म्हणाल्या, "तिथीची जयंतीच खरी, फेब्रुवारीची सरकारी." तिसऱ्या मावशींचं माहेर बेळगावकडचं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर वैशाखात चित्ररथ निघतात. मग आम्ही काय खोटे?" शब्दाला शब्द लागला. दोघीजणी हप्ता ठेवून न बोलताच उठून गेल्या.

तेव्हा आम्ही काय केलं? सुट्टी १९ फेब्रुवारीला मिळते, म्हणून तीच तारीख खरी आणि बाकीच्या चुकीच्या, असं ठासून सांगून टाकलं. नंतर नीट वाचलं, जाणत्यांना विचारलं, तेव्हा कळलं की आमचं ते उत्तर अर्धवट होतं. आजचं बोलणं ती चूक दुरुस्त करण्यासाठी आहे.

आधी २०२५ सालाचंच बघू. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला सरकारी शिवजयंती झाली. १७ मार्चला फाल्गुन वद्य तृतीया होती, तेव्हा तिथीची जयंती झाली. आणि २९ एप्रिलला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, वैशाख शुद्ध द्वितीया होती. बेळगावकडची जुनी परंपरा त्या तिथीची आहे. एकाच राजाच्या जन्माचे हे तीन दिवस. यातल्या पहिल्या दोन दिवसांचं कोडं एक आहे आणि तिसऱ्याचं वेगळं. आम्ही ती दोन्ही एकत्र कालवली, म्हणून भांडण झालं.

पहिल्यांदा तिसऱ्या दिवसाचं बघू, कारण तो वाद जुना आहे.

महाराज शिवनेरीवर जन्मले, याबद्दल वाद नाही. आपल्या चाकणवरून नाशिकच्या रस्त्याला लागलं की राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि पुढं जुन्नर. वाद होता तो सालाचा. महाराजांच्या पश्चात शंभर वर्षांहून जास्त काळ गेल्यावर ज्या बखरी लिहिल्या गेल्या, त्यांत जन्माचं साल शके १५४९ दिलेलं आढळतं. इंग्रजी साल १६२७. तिथी बहुतेक वैशाख शुद्ध द्वितीया. पण सगळ्या बखरींचं तिथीवर एकमत नव्हतं. दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून लोक हीच तिथी धरून चालले. आपल्या आई-आजीच्या लहानपणी बऱ्याच गावांत शिवजयंती वैशाखातच व्हायची.

मग एक जुनं टिपण पुढं आलं. भोर तालुक्यात कारी नावाचं गाव आहे. तिथलं जेधे देशमुखांचं घराणं महाराजांच्या आधीपासूनचं. कान्होजी जेधे शहाजीराजांच्या आणि मग महाराजांच्या बाजूनं उभे राहिले, ते याच घरातले. या घराण्याकडं एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षावार टिपलेली यादी. अमुक शकात अमुक महिन्याच्या अमुक तिथीला काय घडलं, एवढंच. त्यात वर्णन नाही, स्तुती नाही. आपल्या गटाची ठराव वही असते ना, तसंच. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. त्यात महाराजांच्या जन्माची नोंद आहे ती अशी: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार, नक्षत्र हस्त.

आता प्रश्न असा, की या यादीवर विश्वास का ठेवायचा आणि बखरींवर का नाही? इथं आमच्या गटातल्या एका आजींचं सांगतो. त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९६०. तुमच्यातही अशा कितीतरी असतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, घरच्यांना सांगता आलं नाही, गुरुजींनी १ जून लावून दिली. पण आजींच्या आईनं त्यांना सांगून ठेवलं होतं, "पानशेत फुटलं त्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तू झालीस." पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. त्या वर्षीची नागपंचमी ऑगस्टच्या मध्यावर होती. म्हणजे आजी कागदावरच्या वयापेक्षा सव्वा वर्षानं लहान आहेत. कागद सरकारी आहे, शिक्क्याचा आहे, पण तो जन्मानंतर कितीतरी वर्षांनी, अंदाजानं लिहिलेला आहे. आईची आठवण त्या वेळची आहे, आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका घटनेशी बांधलेली आहे.

इतिहास तपासणारेही हेच बघतात. नोंद कधी केली? कोणी केली? आणि ती दुसऱ्या कशाशी जुळते का?

फाल्गुनाची तिथी या तीन प्रश्नांना टिकते. जेध्यांचं घर त्या काळात त्या धामधुमीतच होतं. दुसरं म्हणजे कवींद्र परमानंद नावाच्या पंडितांनी महाराजांच्या हयातीत शिवभारत नावाचं संस्कृत काव्य लिहिलं. ते छापून आलं १९२७ साली. त्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच आहे. तिसरं, राजस्थानात जोधपूरला जुन्या कुंडल्यांचा एक संग्रह मिळाला, त्यातल्या महाराजांच्या कुंडलीवरही तीच तिथी निघाली. मावळातलं देशमुखी घर, संस्कृत पंडित आणि दूर मारवाडातला ज्योतिषी. तिघंही एकच दिवस सांगतात.

शिवाय गणितही जुळतं. पंचांगाचं गणित मागं नेऊन बघितलं, तर त्या तृतीयेला खरोखर शुक्रवारच येतो. हे फार महत्त्वाचं आहे. कोणी नंतर मनानं तिथी रचली, तर वार जुळणं अवघड असतं. सातात एकदा योगायोगानं जुळेल, बाकी वेळी उघडं पडेल. तुमच्या घरी जुनी वही असेल, त्यात तिथीबरोबर वार लिहिलेला असेल, तर तोच तुमचा साक्षीदार समजा.

तरी वाद लगेच मिटला नाही. १९६६ साली राज्य सरकारनं इतिहासाच्या अभ्यासकांची समिती नेमली. त्यांचंही एकमत झालं नाही. शेवटी २००१ सालापासून सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख धरली आणि १९ फेब्रुवारीला जयंती सुरू झाली. बेळगावकडच्या लोकांनी मात्र त्यांची वैशाखातली रीत सोडली नाही. तिथं रात्रभर चित्ररथ चालतात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. म्हणून आमच्या मावशी खोट्या नाहीत. त्यांची जन्मनोंद मागं पडली, पण उत्सवाची परंपरा खरी आहे. नोंद आणि उत्सव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दुसरं कोडं. फाल्गुन वद्य तृतीया आणि १९ फेब्रुवारी हा जर एकच दिवस आहे, तर तो दोनदा का साजरा होतो?

याचं पहिलं कारण तुम्हाला माहीतच आहे. आपला चतुर्थी-एकादशीचा महिना चंद्रावर चालतो. असे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून तिथी दरवर्षी अकरा दिवस अलीकडं सरकते. मग तीन वर्षांच्या आत एक अधिक महिना येतो, धोंड्याचा महिना, आणि तिथी परत पुढं ढकलली जाते. तो नसता, तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात आली असती.

हे प्रत्यक्ष बघा. २०२३ साली फाल्गुन वद्य तृतीया १० मार्चला होती. त्याच वर्षी अधिक श्रावण आला, जावयांना अनारसे गेले, आठवत असेल. म्हणून पुढच्या वर्षी, २०२४ ला, तीच तिथी अठरा दिवस पुढं जाऊन २८ मार्चला आली. २०२५ ला अकरा दिवस मागं येऊन १७ मार्चला आली. २०२६ ला आणखी अकरा दिवस मागं, ६ मार्चला. होळी कधी आहे ते बघायचं, पौर्णिमेपासून तिसरा दिवस मोजायचा, की झाली तिथीची शिवजयंती. एखादी तिथी लांबते किंवा तुटते, म्हणून पक्कं करायला पंचांगात सूर्योदयाची तिथी बघायची.

इथं एखादी हुशार मुलगी विचारेल, आणि आमच्या गटातल्या एकीच्या लेकीनं विचारलंच: "मागं-पुढं सरकते म्हणता, मग एखाद्या वर्षी तिथी बरोबर १९ फेब्रुवारीला का येत नाही? चार-दोन वर्षांनी एकदा तरी जुळायला हवी." पोरीचं बरोबर होतं. तिथी मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंत फिरते, पण फेब्रुवारीत शिरतच नाही. मग महाराजांच्या वेळी ती फेब्रुवारीत कशी होती?

याचं उत्तर आम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं. ते असं आहे, की १९ फेब्रुवारी ही आपल्या आजच्या कॅलेंडरातली तारीखच नाही.

युरोपात पूर्वी एक जुनं कॅलेंडर होतं, त्याला ज्युलियन म्हणतात. त्यात वर्षाची लांबी अकरा मिनिटांनी जास्त धरली होती. अकरा मिनिटं म्हणजे चहा होण्याएवढा वेळ, पण शेकडो वर्षं साठत गेली आणि दहा दिवसांचा फरक पडला. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी तो दुरुस्त केला. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरला. तेच नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर आज आपल्या भिंतीवर आहे. पण इंग्रजांनी ते लगेच मानलं नाही. ते १७५२ पर्यंत जुन्यावरच चालले. त्यामुळं महाराजांच्या काळात गोव्यातले पोर्तुगीज आणि सुरतेचे इंग्रज एकाच दिवशी दोन वेगळ्या तारखा लिहीत होते. गोवेकरांची तारीख दहा दिवस पुढं.

आपल्या इतिहासकारांनी तिथीवरून तारीख काढली ती त्या जुन्या, इंग्रजांच्या कॅलेंडरप्रमाणं. ती आली १९ फेब्रुवारी १६३०. त्या काळाचा इतिहास लिहिताना अशी रीत आहे, त्यात चूक काही नाही. पण आजच्या कॅलेंडरात तोच दिवस मांडायचा तर दहा दिवस मिळवावे लागतील. फेब्रुवारी २८ चा. १९ अधिक ९ म्हणजे २८, आणि दहावा दिवस १ मार्च. म्हणजे आजच्या भिंतीवरच्या कॅलेंडराप्रमाणं महाराजांचा जन्म १ मार्च १६३० चा. वार दोन्हीकडं शुक्रवारच, कारण कॅलेंडर बदललं तरी दिवस बदलत नाही. कोणाच्या मोबाईलवर १ मार्च दिसली, तर कोणी खोडसाळपणा केला असं समजून चिडू नका.

आणखी थोडा फरक उरतो. आपल्या पंचांगाचं वर्षही ऋतूंच्या वर्षापेक्षा किंचित लांब आहे. सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढं सरकतो. संक्रांत हल्ली कधीकधी १४ ऐवजी १५ जानेवारीला येते, ती यामुळंच. महाराजांच्या जन्मापासून आतापर्यंत असे पाच दिवस सरकले. दहा आणि पाच मिळून पंधरा दिवसांचं अंतर पडलं. म्हणून तेव्हा फेब्रुवारीत असलेली तिथी आता मार्च सोडून अलीकडं येत नाही. आपल्या हयातीत तरी हे दोन दिवस एकत्र येणार नाहीत.

हे फक्त शिवरायांचंच आहे असं नाही. जिजाऊ माँसाहेबांची जयंती सिंदखेड राजाला १२ जानेवारीला होते, आणि तिथी आहे पौष पौर्णिमा, शके १५१९. ती १२ जानेवारी १५९८ हीसुद्धा जुन्याच कॅलेंडरातली. म्हणून शाकंभरी पौर्णिमा आणि जिजाऊ जयंती वेगवेगळ्या दिवशी येतात. सावित्रीबाईंचा जन्म मात्र १८३१ चा, इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतल्यानंतरचा. त्यामुळं ३ जानेवारीला दहा दिवसांची भानगड लागत नाही.

एक चूक मात्र आम्ही स्वतः केली, ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. शकाचं इसवी सन करायला ७८ मिळवायचे, एवढंच आम्हाला पाठ होतं. १५५१ मध्ये ७८ मिळवले तर येतात १६२९. आम्ही फळ्यावर १६२९ लिहिलं आणि एका शाळकरी मुलानं टोकलं. शक बदलतो गुढीपाडव्याला, इंग्रजी साल बदलतं जानेवारीत. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना. तोपर्यंत इंग्रजी नवं साल लागलेलं असतं. म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. १५५१ आणि ७९, झाले १६३०. जिजाऊंचंही तसंच. १५१९ आणि ७९, झाले १५९८. कुठल्या फलकावर साल एकानं कमी दिसलं, तर बहुधा हीच चूक असते.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं मांडलं. आधी आमची चूक कबूल केली. उठून गेलेल्या दोघीही आल्या होत्या. एकीनं विचारलं, "मग कुठल्या दिवशी करायचं ते सांगा." आम्ही म्हटलं, "ते तुम्ही ठरवा, पण एकमेकींना खोटं म्हणू नका."

ठराव झाला तो असा. १९ फेब्रुवारीला सुट्टी असते, मुलं घरी असतात. आदल्या रात्री शिवनेरीवरून ज्योत घेऊन पळणारी पोरं आपल्याच रस्त्यानं जातात. त्यांना पाणी आणि गूळ-शेंगदाणे गटाकडून द्यायचे. तिथीच्या दिवशी संध्याकाळी देवळात बायकांनी पाळणा म्हणायचा. त्याला खर्च नाही, म्हणून वर्गणीही नाही. वर्गणी वर्षातून एकदाच, पावती घेऊनच. आणि वैशाखात बेळगावच्या मावशींनी आम्हाला चित्ररथांचं वर्णन सांगायचं. ते त्या दोन तास सांगतात.

ठराव वहीत लिहिताना सचिव ताईंनी तारीख घातली, मग थांबल्या, आणि तिच्यापुढं तिथी आणि वारही लिहिला. तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक बैठकीला ही तिन्ही लिहितो. ज्यांच्या घरात बाळ होतं, त्यांनाही आम्ही सांगतो, की दाखल्यावरची तारीख तर घ्याच, पण घरच्या वहीत तिथी आणि वारही टिपून ठेवा. त्या आजींसारखं पानशेतवरून हिशेब लावायची वेळ त्या लेकरावर यायला नको.

बरंय मैत्रिणींनो, इथंच थांबतो. राम राम.